स्वतःलाच पाठवा आठवणीचा संदेश : बागेतील नोंदी वेळेवर समोर येण्यासाठी व नंतर हमखास सापडण्यासाठी

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील बागायतदार बंधूंना नोंदीचे महत्त्व नव्याने सांगण्याची गरज नाही. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोची क्रेट उतरवणारा शेतकरी असो, मंचरला कांदा आणणारा असो वा निर्यातीसाठी द्राक्षे पिकवणारा असो, प्रत्येकजण काही ना काही लिहून ठेवतोच. अडचण लिहिण्याची नसून लिहिलेले सापडण्याची आहे.

गेल्या हंगामात नारायणगाव परिसरातील एका द्राक्ष बागेत जाण्याचा योग आला. माल तोडणीला आला होता. व्यापाऱ्याने शेवटच्या बुरशीनाशक फवारणीची तारीख विचारली. बागायतदार अनुभवी होते व तारीख आपण लिहिली आहे याची त्यांना खात्रीही होती. प्रथम पंपघरातील दिनदर्शिका पाहिली. तेथे त्या आठवड्यात मजुरांचे खाडे लिहिलेले होते. मग कृषि सेवा केंद्राच्या पावतीची मागची बाजू पाहिली. शेवटी मोबाईलमध्ये त्यांनी स्वतःलाच पाठवलेले व्हॉट्सअॅप संदेश चाळण्यास सुरुवात केली. त्या एकाच ठिकाणी औषधांच्या बाटल्यांचे फोटो, भाच्याच्या लग्नाची पत्रिका, वीज बिल, मोटारीच्या दुरुस्तीचा हिशेब आणि कोणाचे तरी खाते क्रमांक, असे सर्व एकाखाली एक साठलेले होते. पाऊण तास गेला. तारीख अखेर सापडली, पण ती दोन क्रमांकाच्या प्लॉटची की तीन क्रमांकाच्या, हे त्या संदेशात नव्हते. व्यापाऱ्याने दोन्ही प्लॉटची तोडणी चार दिवस पुढे ढकलली.

त्या बागेत नोंद होती, पण ती ठरावीक जागी व ठरावीक शब्दांत नव्हती. एवढ्यासाठी नवे यंत्र किंवा विकतचे अॅप घेण्याची गरज नाही. बहुतेक सर्व अँड्रॉईड मोबाईलमध्ये असलेल्या जीमेलमध्ये हे काम विनाखर्च होते. त्याची पद्धत येथे देत आहे.

एका संदेशाची दोन कामे

स्वतःला पाठवलेल्या संदेशाकडून आपण दोन वेगळ्या गोष्टींची अपेक्षा करतो. पहिली, तो ठरलेल्या दिवशी आपल्या डोळ्यांसमोर यावा. दुसरी, काम झाल्यावर तो नजरेआड व्हावा, पण सहा महिन्यांनी शोधला तर मिळावा. ही दोन्ही कामे एकाच साधनाने करायची तर ते साधन विचारपूर्वक निवडावे लागते.

भिंतीवरील दिनदर्शिका पहिले काम चांगले करते, परंतु वर्ष संपले की ती खिळ्यावरून उतरते. वही दुसरे काम चांगले करते, पण ती आपणहून उघडून आठवण देत नाही. मोबाईलचा गजर वाजतो, बंद होतो आणि मागे काहीच ठेवत नाही. व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच संदेश पाठवण्याची सोय २०२२ च्या अखेरीस आली आणि आपल्या भागात ती लगेच रुळली, कारण शेतात उभ्या उभ्या फोटो काढून टाकणे तेथे फारच सोपे आहे. मात्र त्या एका संवादाच्या आत निरनिराळे कप्पे करता येत नाहीत, सर्व संदेश आले त्या क्रमाने साठत जातात. शिवाय फोन बदलताना बॅकअप घेतलेला नसेल तर सगळेच जाते. फोटो पाठवण्यापुरते व्हॉट्सअॅप अवश्य वापरावे, परंतु जी नोंद पुढच्या हंगामात लागणार आहे ती तेथे राहू देऊ नये, असे माझे मत आहे.

ई-मेलमध्ये ही दोन्ही कामे साधतात. संदेश आज लिहून पुढच्या तारखेला पोचेल असे करता येते आणि आल्यावर तो आपोआप एका ठरावीक फोल्डरमध्ये नोंदला जाईल अशीही व्यवस्था करता येते. जीमेलमध्ये फोल्डरला `Label` म्हणतात. बैलाच्या शिंगाला रंग लावावा तशी ही संदेशाला लावलेली खूण असते. त्यामुळे एकच संदेश समोरच्या `Inbox` मध्येही दिसतो आणि त्या खुणेखालीही राहतो. आपल्या कामासाठी हा गुण मोलाचा आहे.

फोल्डरची एकदाच करावयाची मांडणी

जीमेलच्या पत्त्यात @ या चिन्हाच्या आधी अधिक चिन्ह व एखादा शब्द घातला तरी ते टपाल आपल्याच खात्यात येते. आपल्या पत्त्यातील नावापुढे खालीलप्रमाणे जोडावे. त्यासाठी नवीन खाते काढावे लागत नाही व कोणाची परवानगीही लागत नाही.

```
+sheti@gmail.com
```

म्हणजे घराला एकच दार असले तरी टपालावर ‘गोठ्याकडे’ असे लिहून पाठवल्यासारखे हे आहे. या पत्त्यावर आलेले प्रत्येक टपाल शेतीचेच आहे हे जीमेलला सांगून ठेवायचे. हे सांगण्याचे काम मोबाईलमधील जीमेल अॅपवर होत नाही, त्यासाठी संगणक लागतो. गावातील ई-सेवा केंद्रात किंवा कॉलेजात शिकणाऱ्या मुलाच्या संगणकावर पंधरा मिनिटांत हे होते. बाहेरच्या संगणकावर काम केल्यास शेवटी खात्यातून बाहेर पडण्यास, म्हणजे `Sign out` करण्यास, विसरू नये.

संगणकावर `mail.google.com` उघडावे. उजव्या कोपऱ्यातील दातेरी चाकाच्या चिन्हावर दाबून `See all settings` निवडावे. त्यातील `Filters and Blocked Addresses` या भागात `Create a new filter` असे असते. ते उघडल्यावर येणाऱ्या चौकटीत फक्त `To` या ओळीत आपला +sheti चा पूर्ण पत्ता लिहावा, बाकी ओळी कोऱ्या ठेवाव्यात आणि `Create filter` दाबावे. पुढच्या चौकटीत `Apply the label` समोर खूण करून `New label` निवडावे व नाव `sheti` असे द्यावे. `Never send it to Spam` समोरही खूण करावी. शेवटी पुन्हा `Create filter` दाबावे.

येथे एक चूक हमखास होते. त्याच चौकटीत `Skip the Inbox (Archive it)` अशी एक ओळ पहिल्याच जागी दिसते आणि ‘फोल्डरमध्ये टाकायचे आहे ना’ असे समजून बरेचजण तिच्यावर खूण करतात. ही खूण करू नये. ती केली तर संदेश येईल व सरळ फोल्डरमध्ये जाऊन बसेल, पण समोर दिसणार नाही. मग आठवण व्हायची कशी? सापडण्याचे काम होईल, आठवणीचे बुडेल.

मांडणी झाल्यावर लगेच चाचणी घ्यावी. मोबाईलवरून स्वतःच्या +sheti पत्त्यावर ‘चाचणी’ असा एक संदेश पाठवावा. तो `Inbox` मध्ये दिसला व त्यावर `sheti` अशी खूण दिसली म्हणजे काम बरोबर झाले. खूण दिसत नसेल तर बहुतेक वेळा `To` मधील पत्त्यात अधिक चिन्ह राहून गेलेले असते. पत्ता नेहमी टाईप करण्याचा त्रास वाचवण्यासाठी मोबाईलच्या संपर्क यादीत तो ‘अअ शेती’ अशा नावाने साठवावा. यादीत तो वरच राहतो.

प्रत्येक पिकासाठी वेगळे फोल्डर करावे का, असे काहीजण विचारतात. करता येतात, पण सुरुवातीला करू नयेत. द्राक्ष, टोमॅटो, कांदा, बियाणे, खते, पाणी असे सहा फोल्डर केले की ठिबकातून दिलेल्या खताची द्राक्षातील नोंद ‘खते’ मध्ये की ‘द्राक्ष’ मध्ये, हा प्रश्न दर वेळी पडतो आणि घाईच्या दिवसांत ती कोठेच जात नाही. एकच फोल्डर ठेवावे व बाकीचे काम विषयाच्या ओळीवर सोपवावे.

विषयाची ओळ कशी लिहावी

संदेशातील `Subject` ही ओळ म्हणजे पोत्याला बांधलेली चिठ्ठी होय. आत काय आहे हे पोते न उघडता कळले पाहिजे. त्यासाठी पीक, प्लॉट, संदेशाचा प्रकार आणि काम हे चार शब्द नेहमी याच क्रमाने लिहावेत.

```
द्राक्ष प्लॉट2 आठवण पोपटी अवस्था
```

मराठीत लिहिताना एक अडचण येते. इंग्रजीवर बेतलेल्या सूचनांत तिचा उल्लेख सापडत नाही. आपल्या भाषेत शब्दाला प्रत्यय जोडून येतो. आपण सहज लिहितो, ‘द्राक्षांवरील भुरीसाठी फवारणीची तयारी’. आता सहा महिन्यांनी शोधाच्या चौकटीत ‘द्राक्ष’ किंवा ‘फवारणी’ असे लिहिले तर हा संदेश मिळेलच असे नाही, कारण जीमेल पूर्ण शब्दाशी शब्द जुळवते आणि ‘द्राक्षांवरील’ हा तिच्या दृष्टीने निराळा शब्द ठरतो. म्हणून विषयाच्या ओळीत शब्द मुळाच्या रूपात, प्रत्ययाविना लिहावेत. वाक्य थोडे तुटक वाटेल, पण सातबाऱ्यावरच्या नोंदीही तुटकच असतात. आतील मजकूर मात्र आपल्या नेहमीच्या बोलीत लिहावा.

तीच गोष्ट शुद्धलेखनाची. एकदा ‘टोमॅटो’, एकदा ‘टमाटा’ व एकदा इंग्रजी अक्षरांत असे लिहिले तर शोधताना तीन वेळा शोधावे लागते. कोणतेही एक रूप ठरवून तेच पाळावे. आकड्यांचेही तसेच आहे. काही कीबोर्डवर मराठी आकडे उमटतात तर काहींवर इंग्रजी, आणि शोधताना ते वेगळे धरले जाण्याचा धोका असतो. आपल्या फोनवर जे सहज येतात तेच कायम वापरावेत. प्लॉट व त्याचा क्रमांक यांमध्ये जागा सोडू नये, म्हणजे ‘प्लॉट2’ हा एकच शब्द होतो व दुसरीकडे कोठे आलेला ‘2’ शोधात आडवा येत नाही.

तिसऱ्या जागेवरील शब्द दोनच असावेत, ‘आठवण’ किंवा ‘झाले’. जे करायचे आहे ते आठवण आणि जे केले आहे ते झाले. हा भेद न पाळल्यामुळे होणारा घोटाळा मोठा आहे. ‘८ तारखेला फवारणी’ असा नुसता संदेश दोन महिन्यांनी वाचला तर ती फवारणी ठरवली होती की प्रत्यक्ष झाली होती, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही.

एका द्राक्ष प्लॉटचे उदाहरण

आता हे सर्व एका प्लॉटवर लावून पाहू. समजा, थॉमसन सीडलेसच्या दोन क्रमांकाच्या प्लॉटची फळछाटणी १० ऑक्टोबर २०२५ रोजी झाली. त्याच संध्याकाळी पहिला संदेश ‘द्राक्ष प्लॉट2 झाले फळछाटणी’ असा पाठवावा. पुढचे सर्व दिवस यावरूनच मोजायचे आहेत. छाटणीच्या आधी पुढच्या आठवणी लावून ठेवण्याचा मोह टाळावा. पावसाने छाटणी आठ दिवस लांबली की त्या सर्व चुकीच्या ठरतात.

फुलोऱ्यापूर्वी घड पोपटी रंगाचे झाले असता जिब्रेलिक आम्लाची पहिली फवारणी साधारण १० पीपीएमची घेतात, हे आपणांस ठाऊक आहेच. छाटणीनंतर १७ ते १९ दिवसांच्या सुमारास ही अवस्था येते. १७ वा दिवस २७ ऑक्टोबरला येतो. म्हणून २६ ऑक्टोबरच्या संध्याकाळी ७ वाजता पोचेल असा संदेश लावावा. मोबाईलमध्ये संदेश लिहून झाल्यावर वरच्या तीन टिंबांवर दाबावे, `Schedule send` निवडावे व तेथे `Pick date & time` मध्ये तारीख-वेळ द्यावी. हा संदेश फोनमध्ये नव्हे तर गूगलच्या संगणकावर थांबून राहतो. त्यामुळे ठरल्या वेळी आपला फोन बंद असला तरी तो निघतो व फोन सुरू होऊन नेट मिळताच दिसतो.

संदेशातील मजकूर मात्र ‘उद्या जीए मारणे’ असा नसावा. ‘उद्या सकाळी चारही कोपऱ्यांतील व मधल्या ओळींतील घड पाहणे, पोपटी झाले का, छाटणीनंतर १७ वा दिवस’ असा असावा. थंडी लवकर पडली किंवा फुटी मागेपुढे निघाल्या तर अवस्था दोनचार दिवस पुढे सरकते. मोबाईलला दिवस मोजता येतात, घडाचा रंग दिसत नाही. घड तयार नसतील तर त्याच संदेशात `Snooze` करून दोन दिवसांनी तो पुन्हा वर येईल असे करावे.

फवारणी झाल्यावर तोच आठवणीचा संदेश उघडून `Reply` करावे व `To` मध्ये +sheti चा पत्ता आहे ना, एवढे पाहून घ्यावे. उत्तरात पहिला शब्द ‘झाले’ आणि पुढे प्रत्यक्ष तारीख, अवस्था, औषधाचे नाव, बॅच क्रमांक, प्रमाण, एकूण पाणी व फवारणी कोणी केली ते लिहावे. १० पीपीएम म्हणजे १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम शुद्ध जिब्रेलिक आम्ल, हा हिशेब प्रत्यक्ष किती टाकले त्या आकड्यानेच लिहावा, नुसते पीपीएम लिहून सोडू नये. पुड्यावरील लेबलचा फोटो सोबत जोडावा. अशा रीतीने आठवण व तिची पूर्तता एकाच धाग्यात राहतात आणि ज्या आठवणीखाली ‘झाले’ नाही ते काम राहिले, हे एका नजरेत कळते.

याहून जोखमीचा भाग पुढे आहे. निर्यातीच्या बागेत प्रत्येक औषधाचा काढणीपूर्व कालावधी पाळावा लागतो. मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या यादीत, ज्याला बागायतदार ‘अॅनेक्शर ५’ म्हणून ओळखतात, तो दिलेला असतो. हे दिवस छाटणीपासून पुढे नव्हे तर काढणीपासून मागे मोजायचे असतात आणि गफलत येथेच होते. काढणीची तारीख तर अजून यायची असते!

आपल्या प्लॉटची काढणी १२० ते १३० दिवसांत होईल असा अंदाज असल्यास हिशेबासाठी १२० वा दिवसच धरावा. तो ७ फेब्रुवारी २०२६ ला येतो. ६० दिवसांचा कालावधी असलेले औषध त्याआधी शेवटचे ९ डिसेंबरला व ३० दिवसांचे ८ जानेवारीला मारता येईल. आठवण दोन दिवस आधीची, म्हणजे ७ डिसेंबर व ६ जानेवारीच्या संध्याकाळची लावावी, म्हणजे उरलेले औषध घाईने मारण्याऐवजी दुसरा पर्याय आणण्यास वेळ मिळतो. काढणी लांबली तर काही बिघडत नाही, दिवस वाढतातच. पण दर चांगला म्हणून व्यापाऱ्याने ३१ जानेवारीलाच तोडणी मागितली तर ९ डिसेंबरच्या फवारणीला ५३ च दिवस झालेले असतील, सात दिवस कमी. अशा वेळी फोल्डरमधील ‘झाले’ च्या नोंदी आधी पाहाव्यात व मगच शब्द द्यावा.

काही नोंदी तर हंगाम ओलांडून लागतात. २०१० साली युरोपला गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईडचे, म्हणजे आपल्या बोलीतील सीसीसीचे, अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळले. माल अडकला व बागायतदार आणि निर्यातदार दोघांनाही मोठा फटका बसला. हे संजीवक प्रामुख्याने एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फुटींची वाढ आवरण्यासाठी वापरले जात असे आणि ते वेलीत टिकून राहते. म्हणजे घड दिसण्याच्या कित्येक महिने आधी झालेल्या फवारणीचा जाब काढणीच्या वेळी द्यावा लागला. एप्रिल-मे मध्ये मारलेले औषध फेब्रुवारीत आठवणे माणसाला कठीणच. खरड छाटणीनंतरच्या नोंदी ‘त्यात काय लिहायचे’ म्हणून टाळणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

जुनी नोंद केव्हा फसवते

नोंद सहज सापडू लागली की एक नवाच धोका निर्माण होतो. गेल्या वर्षीच्या संदेशात अमुक औषधाचे दिवस लिहिलेले असतात, ते पटकन मिळतात आणि आपण तेच यंदा धरून चालतो. परंतु अॅनेक्शर ५ ची यादी दर हंगामात सुधारली जाते. एखादे औषध वगळले जाते, एखाद्याचा कालावधी बदलतो. म्हणून आपण काय केले हे जुन्या नोंदीवरून पाहावे, काय करावे हे मात्र चालू वर्षीच्या यादीवरून किंवा नारायणगावच्या कृषि विज्ञान केंद्रातील तज्ज्ञांना विचारूनच ठरवावे. आठवणीच्या संदेशात कालावधी लिहिताना ‘यादी २०२५-२६ प्रमाणे’ असे दोन शब्द जोडण्यास कष्ट पडत नाहीत.

अडचणी व त्यांवरील उपाय

सर्वांत मोठी अडचण खात्याच्या पासवर्डची आहे. फोन विकत घेताना दुकानदाराने जीमेल खाते उघडून दिलेले असते व त्याचा पासवर्ड घरात कोणालाच माहीत नसतो. फोन चालू आहे तोवर कळत नाही. तो विहिरीत पडला की तीन वर्षांच्या नोंदी त्याच्याबरोबर गेल्या असे होते, वास्तविक त्या गूगलकडे सुरक्षित असतात पण दार उघडता येत नाही. माझ्या स्वतःच्या घरी वडिलांच्या खात्याबाबत हे घडले आहे. वरील मांडणी करण्यासाठी संगणकावर खाते उघडावे लागते, तेव्हाच याची परीक्षा होते. पासवर्ड नसेल तर फोन हातात आहे तोवर नवीन करून घ्यावा, आपला चालू मोबाईल क्रमांक खात्याला जोडावा आणि पासवर्ड सातबाऱ्याच्या फाईलमध्ये कागदावर लिहून ठेवावा.

आंबेगावच्या पश्चिमेकडील डोंगरी गावांत, भीमाशंकरच्या वाटेवर व डिंभे धरणाच्या मागील बाजूस फोनला रेंज सगळीकडे मिळत नाही. तेथील शेतकऱ्यांनी आठवणीचा संदेश रेंजमध्ये असतानाच लावावा आणि पोचण्याची वेळ आपण ज्या वेळी रेंजमध्ये असतो ती द्यावी. बाजाराचा दिवस यासाठी सोयीचा. शेतात रेंज नसताना जुनी नोंद उघडत नाही याचे कारण बहुधा असे असते की अँड्रॉईड फोनवर जीमेल ठरावीक दिवसांचेच टपाल उतरवून ठेवते, बरेचदा ३० दिवसांचे. अॅपच्या `Settings` मध्ये आपल्या खात्यावर दाबून `Days of mail to sync` मध्ये हा आकडा वाढवावा. १५० वगैरे केला म्हणजे फळछाटणीपासून काढणीपर्यंतचा हंगाम सामावतो.

स्वतःच पाठवलेल्या संदेशाची घंटी आपल्या फोनवर वाजते की नाही, हे दहा मिनिटांनंतरचा एक संदेश लावून तपासावे. वाजत नसेल तर जीमेलच्या सूचना बंद आहेत का ते पाहावे. चुकवून चालणारच नाही अशा कामासाठी, उदाहरणार्थ ९ डिसेंबरच्या मुदतीसाठी, फोनचा गजरही लावावा. एका वेळी १०० संदेशच असे पुढच्या तारखांसाठी लावून ठेवता येतात, एवढी मर्यादा आहे. तीनचार प्लॉटच्या बागायतदाराला ती आड येत नाही. तारीख बदलायची झाल्यास `Scheduled` मध्ये जाऊन संदेशावर `Cancel send` करावे. तो मसुदा बनून राहतो व नव्या तारखेने पुन्हा लावता येतो. पुन्हा लावायचे विसरले तर तो मसुद्यातच पडून राहील, हे मात्र लक्षात ठेवावे.

जीमेलच्या मोफत खात्यात १५ जीबी जागा मिळते आणि ती टपाल, ड्राईव्ह व गूगल फोटो या तिघांत मिळून असते. लग्नाचे व्हिडिओ त्यात आपोआप चढत राहिले की जागा भरते आणि मग नवे टपाल, अर्थात आपली आठवणही, येणे बंद होते. वर्षातून दोनदा जागा पाहून व्हिडिओ काढून टाकावेत.

काम झालेला संदेश पुसू नये. `Archive` करावा, म्हणजे तो समोरून जातो पण `sheti` फोल्डरमध्ये राहतो. `Inbox` मध्ये फक्त राहिलेली कामे दिसली पाहिजेत. तेथे झालेली व न झालेली अशी चाळीस कामे साठली की आपण ती वाचणे सोडून देतो, हा अनुभव आहे.

हंगाम संपल्यावर, खरड छाटणीपूर्वी, एकदा खालीलप्रमाणे शोध घ्यावा. `after` व `before` यांपुढे वर्ष, महिना, दिवस या क्रमाने तारीख द्यावी.

```
label:sheti subject:द्राक्ष subject:प्लॉट2 after:2025/10/01 before:2026/04/01
```

दोन क्रमांकाच्या प्लॉटचा फळछाटणीपासूनचा हंगाम ओळीने समोर येतो. त्यातील ‘झाले’ च्या नोंदी त्याच बैठकीत वहीत तारीखवार उतरवून घ्याव्यात. ज्या आठवणीखाली ‘झाले’ नाही, तेथे काम राहिले होते की नोंद राहिली होती, हे घरातील माणसे व फवारणी करणारे गडी समोर असतानाच विचारून घ्यावे, कारण एप्रिलमध्ये ते सांगतील तसे जूनमध्ये सांगता येणार नाही.